किंमत छापायची की विचारायला लावायची?

खणाच्या परकर-पोलक्याचा सुरेख फोटो. खाली कापडाचं वर्णन, कोणते रंग मिळतील त्यांची यादी, घरपोच पाठवण्याची तयारी, आणि शेवटची ओळ : 'किमतीसाठी मेसेज करा'. इन्स्टाग्रामवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी एखादी पोस्ट जवळपास रोज नजरेस पडते. तिच्याखाली दहा-बारा जणी 'किंमत?' एवढंच विचारतात आणि प्रत्येकीला 'इनबॉक्स बघा ताई' असं उत्तर मिळतं. बहुतेक वेळा त्या सगळ्या इनबॉक्समध्ये एकच आकडा गेलेला असतो. तो आकडा विकणाऱ्या बाईला ठाऊक होता, ठरलेला होता, तिने तो एकेकीला हाताने लिहून कळवलाही. फक्त जिथे तो सर्वांना एकदम वाचता आला असता, तिथे तो नव्हता.

घरून शिवणकाम करणाऱ्या, फराळ बनवणाऱ्या, साड्या विकणाऱ्या हजारो बायका हा मजकूर लिहितात. त्यांच्यापैकी अनेकींनी तो विचार करून निवडलेला नसतो. बाकीच्या तसं लिहितात म्हणून आपणही लिहायचं, अशी ती पद्धत पडून गेली आहे. खरं तर हा निर्णय वस्तूगणिक वेगळा असायला हवा. एकाच बाईच्या एकाच पानावर एका वस्तूची किंमत ठळक छापलेली असावी आणि दुसरीची विचारायला लावलेली असावी, यात काहीच विसंगत नाही.

निर्णय घेण्यासाठी एक साधी कसोटी पुरते. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की तुम्ही तिला उलट काय विचारता? काहीच न विचारता थेट आकडा लिहून पाठवत असाल, तर तो आकडा पोस्टमध्येच हवा. 'माप काय?', 'कधी हवंय?', 'कुठे पाठवायचं?' हे कळल्याशिवाय आकडा सांगताच येत नसेल, तर किंमत अजून ठरलेलीच नाही आणि मेसेजला खरंच काम आहे. त्या वेळीसुद्धा किमतीबद्दल काहीच छापायचं नाही असं नाही. कितपत छापता येतं, हा पुढचा प्रश्न.

किंमत झाकण्यामागची कारणं विकणाऱ्यांना विचारली तर पहिलं कारण ठरलेलं असतं. आपला दर दुसऱ्या विकणारीला कळला तर ती पन्नास रुपयांनी कमी लावेल. ही भीती खरी आहे, पण त्यावरचा उपाय चालत नाही. जिला तुमचा दर काढायचा आहे ती बहिणीच्या नंबरावरून मेसेज करून दोन मिनिटांत काढते. झाकलेला दर स्पर्धकापासून लपत नाही. जी बाई खरेदीच्या विचारात आहे आणि अजून मेसेज करायला तयार नाही, तिच्यापासून मात्र तो नक्की लपतो.

दुसरं कारण असं, की आकडा पाहून लोक पळतात. आधी बोलणं झालं तर माल पटवून देता येतो. यात तथ्य आहे आणि त्याकडे मी पैठणीच्या निमित्ताने पुन्हा वळणार आहे. तिसरं कारण म्हणजे खाली प्रश्न जितके पडतील तितकी पोस्ट जास्त लोकांपुढे जाते, असा विश्वास. समजा गेलीही. पण 'किंमत?' विचारून गप्प होणाऱ्यांमुळे ती ज्यांच्यापुढे जाईल, त्यांतल्या किती जणी विकत घेतील हे त्यातून कळत नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मात्र द्यावंच लागतं.

चौथं कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. माणूस पाहून दर सांगायचा असतो. ओळखीच्या ताईंना एक, परगावच्यांना दुसरा, अमेरिकेतून विचारणाऱ्यांना तिसरा. गिऱ्हाइकांना हे कळत नाही असं समजू नये. दोन मैत्रिणी एकाच वस्तूची किंमत वेगवेगळी विचारतात, रात्री एकमेकींना स्क्रीनशॉट पाठवतात आणि एकीला दोनशे रुपये जास्त सांगितल्याचं उघड होतं. त्यानंतर त्या दोघीही परत येत नाहीत, आणि का येत नाहीत हे विकणारीला कधी समजतही नाही.

किंमत नसलेली पोस्ट वाचणारी बाई मनात काय धरते, यावर अर्थशास्त्रात जुना आणि चांगला विचार झालेला आहे. १९८१ साली पॉल मिलग्रॉम आणि सॅनफर्ड ग्रॉसमन यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे, एक युक्तिवाद मांडला. मिलग्रॉम यांना पुढे २०२० मध्ये लिलावांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. मूळ युक्तिवाद मालाच्या दर्जाबद्दलचा आहे, पण तो किमतीलाही लागू पडतो. एकाच प्रकारच्या पर्स विकणाऱ्या पाच जणी आहेत असं धरा. जिचा दर सर्वांत कमी, तिला तो सांगण्यातच फायदा, ती छापते. आता न सांगणाऱ्या चौघी तिच्यापेक्षा महाग, हे वाचणारीला कळलं. मग त्या चौघींत जी स्वस्त, तिलाही गप्प राहणं परवडत नाही; तीही छापते. असं करत करत शेवटी गप्प राहते ती सर्वांत महाग. म्हणून आकडा न देणं हीच एक बातमी ठरते, आणि वाचणारी ती 'परवडणार नाही' अशी वाचते. तुमची पर्स खरं तर अडीचशेची असेल, पण आकडा नसल्यामुळे तिने मनात सहाशे धरलेले असतात आणि ती बोट पुढे सरकवते.

या युक्तिवादाला मर्यादा आहे. दर सांगणं शक्य आहे आणि त्याला खर्च नाही, हे वाचणारीला माहीत असावं लागतं. मापाप्रमाणे शिवायच्या ब्लाउजची किंमत आधी सांगता येत नाही हे प्रत्येकीला कळतं, त्यामुळे तिथे गप्प राहण्याचा वाईट अर्थ निघत नाही. तयार पर्सच्या बाबतीत मात्र तो हमखास निघतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो भिडेचा. सोसायटीच्या ग्रुपवर विकणारी बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू असतात, किंवा मुलाच्या वर्गमित्राची आई असते. तिला किंमत विचारणं म्हणजे अर्धं घेतल्यासारखं. आकडा ऐकून 'नको' म्हणायचं, तर उद्या लिफ्टमध्ये भेटल्यावर काय वाटेल? म्हणून ज्यांना वस्तू आवडलेली असते आणि कदाचित परवडलीही असती, त्या विचारतच नाहीत. छापलेला दर त्यांना न बोलता हो किंवा नाही ठरवण्याची मोकळीक देतो. अनोळखी पानाच्या बाबतीत अडचण वेगळी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला की आपला नंबर समोर जातो, आणि नुसत्या चौकशीसाठी तो देणं अनेक बायकांना नको वाटतं. विकणारीलाही, जगजाहीर 'मेसेज करा' लिहिलं की नको त्या लोकांचे नको ते मेसेज झेलावे लागतात. किंमत, मापं आणि पाठवण्याचा खर्च वरच लिहिलेला असला की खऱ्या गिऱ्हाइकाचा मेसेज पहिल्याच ओळीत ओळखू येतो.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा चिंचवडला एक बाई खणाच्या वस्तू करतात. त्यांच्याकडे तीन गोष्टी आहेत : तयार पर्स, लहान मुलींची परकर-पोलकी आणि आरीकाम केलेले ब्लाउज. तिन्हींच्या पोस्टखाली आजवर 'किमतीसाठी मेसेज करा' असंच लिहिलेलं आहे.

त्यांनी आधी एक वही घ्यावी आणि काही आठवडे प्रत्येक चौकशीपुढे एक खूण करावी. बोलणं कुठे थांबलं, एवढंच लिहायचं. आकडा कळवण्याआधीच थांबलं का? दुपारी विचारलं, उत्तर रात्री गेलं आणि तोवर तिने दुसरीकडून घेतलं, असं झालं की ही खूण पडते. आकडा कळवल्याबरोबर थांबलं का? की आकडा कळल्यावरही माप, रंग, तारीख असं बोलणं पुढे चाललं? या तीन खुणांवरून जवळजवळ सगळं समजतं. पर्सच्या चौकशा बहुधा पहिल्या दोन खुणांमध्ये सापडतील. समजा आठवड्याला चाळीस चौकशा आल्या, पाच विकल्या गेल्या आणि उरलेल्या पस्तिसांना उत्तर देण्यात प्रत्येकी चार मिनिटं गेली, तर १४० मिनिटं झाली. तेवढ्या वेळात आणखी काही पर्स शिवून झाल्या असत्या. पर्सची किंमत २५० रुपये आहे आणि ती सर्वांना सारखीच आहे. ती छापावी, विषय संपला.

परकर-पोलक्याला माप लागतं, म्हणून किंमत सांगता येत नाही असं त्यांना वाटतं. पण कापड वयाप्रमाणे ठरावीक पायऱ्यांनी वाढतं. एक ते दोन वर्षांसाठी ९००, तीन ते पाचसाठी १,१००, सहा ते आठसाठी १,४०० असे तीन दर छापले की बहुतेक गिऱ्हाइकांचं उत्तर त्यात येतं. शेजारी उंची इंचांत लिहावी, कारण चार वर्षांच्या दोन मुलींची उंची सारखी नसते आणि आयांना ते माहीत असतं. अस्तर, फुग्याची बाही, जास्तीचे काठ यांचे वाढीव पैसे असतील तर तेही एका ओळीत लिहावेत. मग मेसेज येतात ते 'किंमत?' असे येत नाहीत. 'उंची चोवीस इंच, जांभळा खण, पाडव्याच्या आधी हवाय' असे येतात.

खरी अवघड गोष्ट आरीकामाची. ब्लाउजवर किती काम हवं, कोणते मणी, जरदोसी हवी का, मोर हवा की वेल, यावर सगळं अवलंबून. इथे 'मेसेज करा' बरोबर आहे, पण नुसतं तेवढंच लिहिणं बरोबर नाही. कारण वाचणारीला हे काम हजारात होतं की दहा हजारांत, याचाही अंदाज नसतो. तो अंदाज देणं शक्य आहे, आणि त्यासाठी बाईंना आधी स्वतःचा हिशेब मांडावा लागेल. समजा साधं शिवण आणि अस्तर मिळून ७०० रुपये, आणि सुईकामाचा तासाला १२० रुपये असा दर त्या धरतात. फक्त गळ्याच्या कामाला सहा तास लागतात : ७२० रुपये. मणी-दोरा १८०. एकूण १,६००. गळा आणि बाह्या मिळून चौदा तास : १,६८० रुपये, मणी-दोरा ३२०, शिवण धरून २,७००. गळा, बाह्या आणि भरलेली पाठ मिळून अठ्ठावीस तास : ३,३६०, मणी-दोरा ५४०, शिवण धरून ४,६००.

आता त्यांनी तीन तयार ब्लाउजचे फोटो टाकावेत आणि प्रत्येकावर त्याच ब्लाउजची किंमत लिहावी : १,६००, २,७००, ४,६००. खाली दोन ओळींत किंमत कशाने वाढते ते सांगावं. जरदोसीने, दाट भरलेल्या आकृतीने, आठ दिवसांत हवं असल्यास घाईने. आपल्याला हवं असलेलं काम या तिघांपैकी कोणाच्या जवळचं आहे, हे बघणारी स्वतःच ओळखते. ती मेसेज करते तेव्हा 'दुसऱ्या फोटोसारखं, पण बाहीवर कमी काम' असं सांगते, आणि बोलणं किमतीवर अडकण्याऐवजी कामावर सुरू होतं. हा हिशेब करताना बाईंना आणखी एक गोष्ट कळण्याची शक्यता आहे. तास मोजलेले नसतील तर भरलेल्या पाठीचं काम आजवर त्या तोट्यात करत होत्या. दर छापायला अनेकजणी कचरतात त्यामागे कधी कधी हेच असतं : दर कशावरून आला, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलेलं नसतं.

'पासून' या शब्दाबद्दल मात्र सावध राहायला हवं. '५०० पासून पुढे' असं लिहायचं आणि प्रत्यक्षात पाचशेत काहीच मिळत नाही, सगळ्या ऑर्डरी अडीच हजारांच्या आसपास जातात, हे वाचणारीला फसवल्यासारखंच होतं. सुरुवातीचा म्हणून जो आकडा छापाल, त्या किमतीत खरोखर कोणीतरी घेतलेलं ब्लाउज असावं. शेजारी 'बहुतेक जणी या किमतीचं काम करून घेतात' असा दुसरा आकडाही द्यावा. अंदाजासाठी हा दुसरा आकडाच जास्त उपयोगी पडतो.

पैठणीची गोष्ट निराळी आहे. तिथे वस्तू तयार असते, किंमत ठरलेली असते, तरीही ती झाकण्याकडे ओढा जास्त असतो. यामागे एक साखळी आहे. ठोक व्यापारी फोटो एका ग्रुपवर टाकतो, शंभर जणी तोच फोटो आपापल्या गिऱ्हाइकांना पाठवतात आणि प्रत्येकजण आपला नफा मिळवून दर सांगते. एकीने दर छापला तर बाकीच्या तिच्यावर चिडतात. पण फोटो एकच असल्यामुळे गिऱ्हाइकाने तो गूगल लेन्समध्ये टाकला की तीच साडी चार ठिकाणी दिसते. अशा वेळी किंमत झाकून काही वाचत नाही. स्वतःच्या हातात साडी घेऊन काढलेला फोटो, फॉल-पिको करून देण्याची तयारी, न आवडल्यास बदलून देण्याची मुदत, हे तुमच्या दोनशे रुपयांचं उत्तर आहे. ते किमतीशेजारी छापता येतं.

हातमागावरच्या अस्सल पैठणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. यंत्रमागावरची सेमी पैठणी दोन-तीन हजारांत मिळते. येवल्याच्या हातमागावरची साधी पैठणीसुद्धा साधारण आठ-दहा हजारांच्या आसपास सुरू होते आणि भरगच्च पदराची लाखापर्यंत जाते. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून अस्सल माल विकणारीला वाटतं, की अठरा हजारांचा आकडा पाहून लोक जातील, आधी समजावून सांगू. माझं म्हणणं उलट आहे. किंमत झाकण्याने सर्वांत मोठा फायदा होतो तो सेमी पैठणी अस्सल म्हणून खपवणाऱ्याचा. त्याने 'अस्सल हातमाग, तीन हजार' असं उघड छापलं तर जाणकार लगेच सावध होतील. इनबॉक्समध्ये मात्र तो समोरची बाई बघून आठ हजारही सांगू शकतो. अस्सल विकणारीने अठरा हजार छापले, तर तो आकडाच तिच्या मालाची एक साक्ष होतो.

फक्त आकडा एकटा सोडू नये. त्याला लागूनच कारण लिहावं : हातमागावरची, शुद्ध रेशीम, जर कोणती, विणायला किती दिवस लागले. आणि पदराच्या उलट्या बाजूचा फोटो द्यावा. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत गुंतवत विणतात, त्यामुळे ती मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबताना दिसतात. एवढा एक फोटो आणि दोन वाक्यं असली, की जे समजावणं इनबॉक्समध्ये एकेकीला करावं लागत होतं ते सर्वांना एकदाच होतं. ज्यांचं बजेट तीन हजारांचं आहे त्या जातील. त्या इनबॉक्समधूनही गेल्याच असत्या, फक्त वीस मिनिटांनी.

फराळाचे दर आपल्याकडे पूर्वीपासून उघड असतात. चकली किलोला इतकी, अनारसे इतके, असं दरपत्रक दसऱ्याआधीच फिरू लागतं. अडचण येते ती परदेशातल्या मुलांना पाठवण्याच्या वेळी. कुरिअर कंपन्या वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानावरून : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सर्वसाधारणपणे ५,००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे. चाळीस बाय तीस बाय तीसचं खोकं असेल तर आकारमानाचं वजन ७.२ किलो होतं, आत चिवडा असल्यामुळे काट्यावर ते चारच किलो भरलं तरी. लाडवांचं तेवढंच खोकं काट्यावरच जड भरेल. त्यामुळे 'अमेरिकेला किती पडेल?' याचं उत्तर आधी देता येत नाही, असं फराळवाल्या काकू म्हणतात तेव्हा त्या खरंच बोलत असतात.

इथे किंमत छापण्यासाठी आधी वस्तू ठरावीक करावी लागते. एकाच मापाचं खोकं ठरवायचं, त्यात चिवडा, शेव, चकली, लाडू, शंकरपाळे यांचं प्रमाण ठरवायचं, ते एकदा भरून दोन्ही वजनं काढायची आणि कुरिअरकडून त्या मोसमाचा दर घ्यायचा. मग 'अमेरिकेसाठी खोकं, कुरिअरसह इतके रुपये' असं छापता येतं. ज्यांना आपल्या आवडीचा वेगळा मेळ हवा, त्यांनी मेसेज करावा. दूर बसलेल्या लेकीला घरपोच किती हा एकच आकडा हवा असतो. खाली बारीक अक्षरात 'कुरिअर वेगळे' लिहून तो तिच्यापासून लांबवू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येही ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याने डिलिव्हरी आणि करांसह एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी, असंच सांगितलेलं आहे. आधी कमी दाखवून पैसे भरताना एकेक आकार वाढवत नेण्याच्या प्रकाराला ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांमध्ये धरलं आहे. आणि आधीच बांधून ठेवलेल्या पाकिटावर तर कमाल किरकोळ किंमत छापणं वजनमापाच्या नियमांनुसार लागतंच. पाकिटावर असलेला आकडा पोस्टमधून झाकण्यात काही हाशील नाही.

सोन्याच्या दागिन्याचं उत्तर थोडक्यात देता येईल. दर रोज बदलतो, म्हणून रुपयांतला आकडा छापू नये. ज्यातून आकडा निघतो ते सगळं छापावं. वजन ग्रॅममध्ये, कॅरेट, हॉलमार्क, मजुरी किती, आणि वर ३ टक्के जीएसटी. त्या दिवसाचा भाव घालून गिऱ्हाईक स्वतः गुणाकार करू शकतं. मजुरी झाकून 'किमतीसाठी भेटा' लिहिणाऱ्याकडे मात्र संशयाने बघावं, कारण सोन्याचा भाव सगळ्यांना दिसतो आणि फरक पडतो तो मजुरीतच.

छापलेल्या किमतीची एक खरी जोखीम आहे : ती मागे राहते. गेल्या दिवाळीचं दरपत्रक यंदा कोणीतरी पुढे पाठवतं आणि 'तुम्हीच लिहिलंय ना ४८० रुपये' असं ऐकावं लागतं. इन्स्टाग्रामवर पोस्टखालचा मजकूर नंतर बदलता येतो, पण फोटो बदलता येत नाही. म्हणून फोटोवर वस्तू आणि मजकुरात किंमत ठेवली तर दर वाढल्यावर दुरुस्त करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर उलट करावं लागतं. तिथे चित्र मजकुराशिवाय एकटंच फिरतं आणि पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही. त्यामुळे दरपत्रकाच्या चित्रातच 'हे दर अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरींसाठी' असं मोठ्या अक्षरात हवं. आंबे, फुलं अशा रोज बदलणाऱ्या मालाचे दर स्टेटसवर टाकावेत. ते चोवीस तासांत आपोआप जातात.

दर छापल्यावर पहिल्याच आठवड्यात मेसेज कमी होतात आणि विकणारी घाबरते. मेसेज कमी होणारच, ते व्हावेत म्हणूनच तर छापलं. बघायचं ते ऑर्डरींकडे. मेसेज निम्मे झाले आणि ऑर्डरी तितक्याच राहिल्या, तर निर्णय बरोबर. ऑर्डरीही घटल्या तर आधी किमतीशेजारचं कारण वाचून बघावं : आकडा दिसतो, पण तो तसा का आहे ते दिसतं का? ते असूनही घटल्या, तर दर किंवा वस्तू याबद्दल वेगळा विचार करावा लागेल. तुलना करताना पाडव्याआधीचा आठवडा नंतरच्या आठवड्याशी लावू नये, आणि एका वेळी एकाच वस्तूचा दर उघडा करावा. पर्स, परकर-पोलकं आणि ब्लाउज तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

उरतात त्या वस्तू, ज्यांना खरोखर बोलणं लागतं : लग्नातला रुखवत, पन्नास जणींसाठी एकाच रंगाचे ब्लाउज, पंचवीस किलोंच्या वरचा फराळ, आजीच्या जुन्या साडीतून नातीचं काहीतरी. तिथे 'किमतीसाठी मेसेज करा' लिहावंच, पण त्या ओळीला काम द्यावं. उदाहरणार्थ : 'रुखवताची किंमत वस्तूंच्या संख्येवर ठरते. मागच्या वर्षी केलेले दोन रुखवत सहा आणि अकरा हजारांचे होते, फोटो खाली आहेत. मेसेज करताना लग्नाची तारीख, गाव आणि साधारण बजेट लिहा. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दर कळवते.'